‘तू कोण?’ हा प्रश्न शाळा कसा विचारते?

माहूरच्या एका वस्तीतील नववीत शिकणारी मुलगी. नवरात्रानंतर वर्गात निबंधाचा विषय दिला गेला : ‘आमच्या गावची यात्रा’. त्याच दसऱ्याला तिचे वडील दीक्षाभूमीला नागपूरला गेले होते. तिने मात्र सगळ्यांसारखाच रेणुकामातेच्या गडावरचा निबंध लिहिला. पुढच्या आठवड्यात वर्गात पुकारा झाला, “शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहा.” ती उभी राहिली. त्या दिवसापासून ती मागच्या बाकावर बसू लागली. आईला वाटले, पोरगी आळशी झाली.

आम्हाला तसे वाटत नाही. घरी ती बौद्ध, जातीच्या दाखल्यावर महार, वर्गात ‘शिष्यवृत्तीवाली’. एकाच मुलीला तीन नावे, आणि त्यातले एकही तिने स्वतः निवडलेले नाही.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने सांगितले की, साधारण बारा ते अठरा या वयातले मनाचे मुख्य काम म्हणजे ‘मी कोण’ याचे उत्तर घडवणे. पुढे जेम्स मार्सिया यांनी 1966 साली ते तपासण्यासाठी दोन साधे प्रश्न पुढे ठेवले. मुलाने स्वतः शोध घेतला का? आणि त्याने काही पक्के ठरवले का? त्यातून चार अवस्था निघतात. शोध नाही आणि ठरवलेलेही नाही, ते मूल ‘मला काय त्याचे’ म्हणते. शोध न घेता ठरवले, ते दुसऱ्याचे उत्तर आपले म्हणून सांगते. शोध चालू आहे पण ठरलेले नाही, ते प्रश्न विचारते, वाद घालते, घरच्यांना उद्धट वाटते. शोध घेऊन ठरवले, ते आपली बाजू शांतपणे सांगू शकते.

आपली मुलगी निबंधात दुसऱ्या अवस्थेत होती. वर्गाचे उत्तर तिने उतरवून काढले. पुकाऱ्यानंतर ती पहिल्या अवस्थेकडे सरकली. ती घरी वाद घालू लागली असती तर आम्हाला कमी काळजी वाटली असती. मात्र या अवस्था कायमच्या नसतात, मूल मागेपुढे होत राहते. शिवाय मार्सिया यांनी कॉलेजातल्या तरुणांना प्रश्न विचारले होते. चौदाव्या वर्षी पक्के उत्तर मिळालेच पाहिजे, असे नाही.

वर्गातल्या त्या एका पुकाऱ्याने खरेच काही होते का? होते. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या 642 मुलांना कागदावर वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. निम्मी मुले उच्च जातींची होती, निम्मी दलित. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा दोघांच्या कामात फरक दिसला नाही. प्रत्येकाचे नाव, गाव, वडील-आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचली तेव्हा दलित मुलांची सुटलेली कोडी सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली. हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. मुलांची बुद्धी तीच होती, बदलले ते एवढेच की कोण बघतो आहे आणि काय समजून बघतो आहे.

बाबासाहेबांनी आपल्या शाळेची आठवण लिहून ठेवली आहे. बसायला वेगळे तरटाचे पोते, रोज घरी न्यायचे आणि रोज आणायचे. पाणी शिपायाने नळ उघडला तरच. ते पोते आज नाही, पण सर्वांसमोर वाचलेली यादी काही मुलांना तशीच वाटते.

म्हणून शिष्यवृत्ती सोडू नका. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, आणि तो हक्क आहे. मुख्याध्यापकांना भेटून एवढेच सांगा की अर्ज आणि कागद मुलांकडून एकेकटे घ्यावेत, यादी वर्गात वाचू नये. पालकसभेत चार-पाच पालकांनी मिळून सांगितले तर एकाच मुलावर नजर जात नाही.

घरीही तयार उत्तर देऊ नका. “आपण बौद्ध, विषय संपला” म्हणणे म्हणजे शोध बंद करणे. त्या मुलीला विचारा, “निबंधात तुला खरे काय लिहायचे होते?” आजोबांनी धम्म का स्वीकारला, दाखल्यावर जात का लिहावी लागते, हे तिला सांगा. तिला पटले नाही तरी ऐकून घ्या. शाळेतही नागपूरवर लिहिलेल्या निबंधाला गडावरच्या निबंधाइतकीच जागा मिळाली, तर तिचा शोध तिथेच सुरू होईल.

साध्या गोंधळात मूल चिडते, पण जेवते, खेळते, मित्रांत जाते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-जेवण बिघडले, शाळा टळू लागली, मैत्रिणी तुटल्या, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. किंवा 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोला. “मी नसलेलीच बरी” असे ती म्हणाली, तर एक दिवसही थांबू नका आणि तिला एकटे सोडू नका.