काटा सहावर, तरी वरच्या मजल्यावर पाणी नाही

पंपरूममधला काटा सहा किलो दाब दाखवतो, म्हणून कमिटी निश्चिंत असते. पण साठ मीटर उंच इमारतीत वेट रायझरच्या उभ्या पाइपात नुसतं साचलेलं पाणीच तळाशी जवळपास सहा किलो दाब देतं. म्हणजे त्या वेळी सर्वांत वरच्या हायड्रंटवर दाब शून्य! तिथे साडेतीन किलो हवा असेल, तर घर्षणातली घट धरून खाली साधारण दहा किलो लागतो.

हा दाब टिकवतो छोटा जॉकी पंप. स्प्रिंकलरची काचेची कुपी बहुधा ६८ अंशांना फुटते, तीही आग तापवेल तिथलीच. सगळ्या इमारतीत पाऊस पडत नाही. कुपी फुटली की दाब जॉकीला सावरत नाही आणि मुख्य पंप आपोआप सुरू होतो, अर्थात स्विच ‘ऑटो’वर असेल तरच. गळतीमुळे जॉकी सारखा चालू लागला, की कुणीतरी तो बंद करतं. गळती शोधायची राहून जाते, आणि हे मला सर्वांत धोकादायक वाटतं.

टाकीही बघा. पाणी आधी आगीच्या टाकीत पडून ती भरल्यावर वापराच्या टाकीत ओसंडावं. पाणीटंचाईत दोन्हींमधला व्हॉल्व्ह उघडला, तर राखीव साठा नळांतून निघून जातो.

जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सी ‘फॉर्म बी’ देते, तेव्हा गच्चीजवळचा हायड्रंट उघडायला लावा आणि तिथला दाब स्वतः वाचा.