चौदा शब्दांपर्यंतची सूट

एम.ए.चा दहा हजार शब्दांचा लघुप्रबंध टर्निटिनवर टाकला आणि साम्य २६ टक्के आलं, असं समजा. म्हणजे सुमारे २,६०० शब्द आधीच कुठेतरी छापलेल्या मजकुराशी जुळले. यात चोरी किती, हे तो आकडा सांगत नाही. ते ठरवायला मार्गदर्शक अहवालातल्या गाळण्या एकेक करून लावतात.

पहिली गाळणी संदर्भसूचीची. ती लावताच ९०० शब्द जातात आणि आकडा १७ टक्क्यांच्या आसपास येतो. एकच पुस्तक दोघांनी वापरलं तर त्याची नोंद दोघांकडे सारखीच असणार, त्यामुळे ही वजाबाकी न्याय्य आहे. मात्र सॉफ्टवेअर सूची ओळखतं ती ठरावीक शीर्षकावरून, आणि तेही स्वतंत्र ओळीवर असेल तर. विद्यार्थ्याने वेगळंच शीर्षक दिलं तर सूची मोजणीत तशीच राहते.

दुसरी गाळणी अवतरणांची. तिने आणखी ४०० शब्द जातात. दुहेरी अवतरणचिन्हांतला मजकूर वगळला जातो, एकेरी चिन्हांतला नाही. खाली स्रोत दिलाय की नाही, हे ती पाहत नाही. त्यामुळे कुणी अख्खं पान दुहेरी चिन्हांत घातलं तर तेही मोजणीतून गायब होतं.

खरी काळजी घ्यायची ती तिसऱ्या, छोट्या जुळण्यांच्या गाळणीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनी सामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळणाऱ्या सलग १४ शब्दांपर्यंत सूट दिली आहे. पण चौकटीत ‘इतक्या शब्दांपेक्षा कमी’ असं विचारलेलं असेल, तर १४ लिहिल्यावर १३ शब्दांपर्यंतच्याच जुळण्या गळतात. तिथे १५ लिहावं लागतं. आपल्या प्रबंधात ५०० शब्द असे गळले आणि ८ टक्के उरले. मात्र मूळ परिच्छेद उचलून दर दहा-बारा शब्दांनंतर एक शब्द बदलणारा विद्यार्थीही याच गाळणीतून सुटतो.

त्याहून धोक्याचा आहे टक्केवारीचा पर्याय. त्यात एका स्रोताशी जुळलेले शब्द ठरवलेल्या टक्क्यापेक्षा कमी असले, तर तो स्रोतच वगळला जातो. चाळीस हजार शब्दांच्या प्रबंधात एक टक्का म्हणजे ४०० शब्द. तीस ठिकाणांहून तीनतीनशे शब्द उचलले, तर नऊ हजार शब्द एका टिचकीसरशी दिसेनासे होतील. म्हणून मोठ्या प्रबंधाला टक्केवारी लावू नये, शब्दसंख्याच लावावी.

आता उरलेले ८ टक्के पाहू. आयोगाच्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. पण अहवाल उघडला तर ८०० शब्द दोनच ठिकाणी दिसतात: दुसऱ्या प्रकरणात ४२० आणि निष्कर्षात ३८०, दोन्ही एकाच लेखातून, श्रेय न देता. सगळ्या गाळण्या नियमाप्रमाणे लावल्या, तरी ही पानं विद्यार्थ्यासमोर ठेवून, ती पुन्हा लिहून घेतल्याशिवाय मार्गदर्शकाने सही करू नये.