हात वर, पण श्वास चालू

योगदिनाच्या सकाळी आमच्या वर्गात बरेच नवे चेहरे येतात. हात वर करायला सांगितलं की बहुतेकांचे हात कानांपर्यंत पोचतात आणि नेमका त्याच क्षणी श्वास थांबतो. त्यांना ते कळतही नाही. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही तीनच आसनं घेतो आणि लक्ष श्वासाकडे ठेवतो.

सुरुवात ताडासनाने. पावलांत चार बोटांचं अंतर ठेवून उभं राहा. वजन टाचांवर आणि चवड्यांवर सारखं असू द्या. गुडघे सरळ, पण मागे ढकललेले नकोत. श्वास घेत हात समोरून वर न्या. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांचे खांदे आखडलेले असतात. हात वर जाताना त्यांच्या कमरेला बाक येतो, फासळ्या पुढे येतात आणि श्वास छातीत अडकतो. बाहेरून हात छान उभे दिसतात, पण ती उंची खांद्याने दिलेली नसते, कमरेने दिलेली असते. अशा वेळी हात थोडे खाली, कपाळाच्या पुढे आणा आणि दोन्ही हातांत खांद्याइतकं अंतर ठेवा. श्वास जिथे मोकळा होईल तिथेच तीन-चार श्वास थांबा, मग श्वास सोडत हात खाली घ्या. टाचा उचलण्याची घाई नको. आधी तोल जमू द्या.

मग मार्जारासन. तळहात खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली. श्वास घेत पोट खाली सोडा, छाती पुढे न्या. श्वास सोडत पाठ वर गोल करा. हालचाल माकडहाडापासून सुरू करा, मान शेवटी येऊ द्या. नवे लोक नुसती मानच वर-खाली करतात आणि पाठ जागची हलत नाही. मनगट दुखलं तर मुठी टेका, गुडघ्याखाली चादरीची घडी घ्या.

शेवटी बालासन. टाचांवर बसून पुढे वाका आणि कपाळ जमिनीला टेकवा. टाचा आणि बैठक यांच्यात पोकळी राहत असेल, तर तिथे उशी ठेवा. कपाळ पोचत नसेल, तर त्याखालीही ठेवा. श्वास घेताना पाठ किंचित फुगते, ती जाणवू द्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी हे आसन टाळून पाठीवर पडून राहावं.

याच स्थितीत चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा अंकांत सोडा. मध्ये रोखून धरू नका, रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही. धाप लागली तर मोजणं सोडून द्या, नेहमीसारखा श्वास घ्या. चक्कर आली तर तिथेच थांबा.

२१ जूनला येताना पोट हलकं ठेवा. भरपेट जेवण झालं असेल तर तीन-चार तास जाऊ द्या. पावसाने फरशी गार पडलेली असते, म्हणून जाड सतरंजी बरोबर आणा. गर्भवतींनी, आणि कंबर किंवा मानेचं जुनं दुखणं असणाऱ्यांनी, वर्ग सुरू होण्याआधीच शिक्षकांना तसं सांगावं.