दुधाच्या वहीचं मागचं पान

"भाभी, तुमची आवड काय? डोंगर, समुद्र, बागबगीचा?"

सहली काढणाऱ्या ऑफिसातल्या पोरानं साधा प्रश्न विचारला होता. त्याच्यापुढे कॉम्प्युटर होता, टेबलावर महाबळेश्वर आणि उटीची रंगीत पत्रकं पडली होती. रझियानं सवयीनं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. युसूफभाईंनी खांदे उडवले. "हिला काहीही चालतं."

ते खोटं नव्हतं. रझियाला सगळं चालायचं. कोंबडीतला मानेचा तुकडा चालायचा, गाडीतली मधली जागा चालायची, ईदला पोरांचे कपडे घेऊन उरलेल्या पैशांत बसेल ती साडी चालायची. पण चालतं आणि आवडतं यात फरक असतो, हे त्या पोराच्या प्रश्नामुळे पंचावन्नाव्या वर्षी तिच्या ध्यानात आलं. "विचार करून सांगतो," असं म्हणून दोघं उठली.

सना लग्न होऊन पुण्याला गेली, त्याला सहा वर्षं झाली. थोरला इम्रान कतारला. शाबान संपता संपता धाकटा जुनैदही नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि सोलापूरच्या त्या तीन खोल्यांत दोन माणसं उरली. त्या रमजानात सहरीला तिनं पाच माणसांची कणीक मळली होती, दोनदा. पोरांना आईची काळजी वाटत होती. प्रत्येकानं फोनवर आपापली सहल सुचवली. सना म्हणाली, "अम्मी, महाबळेश्वरला जा, स्ट्रॉबेरी खा." इम्रान म्हणाला, "तिकीट पाठवतो, इकडेच ये." जुनैदला वाटत होतं गोवा. युसूफभाईंनी चौतीस वर्षं एसटी चालवली होती. त्यांना वाटत होतं की कुठंही गेलं नाही तरी चालेल.

पैशांचा प्रश्न नव्हता. गल्लीतल्या बारा जणींची पाचशे रुपयांची भिशी होती, या महिन्यात चिठ्ठी रझियाच्या नावाची निघाली. सहा हजार. आजवर भिशीचे पैसे फीला, दवाखान्याला किंवा पत्र्याच्या दुरुस्तीला गेले होते. यंदा ते कपाटात तसेच राहिले होते आणि तिला त्यांची चक्क भीती वाटत होती.

त्या रात्री इशाची नमाज झाल्यावर तिनं दुधाच्या हिशेबाची वही उलटी केली आणि मागच्या पानावर लिहिलं : मला काय आवडतं. खाली लिहिलं, शिरखुर्मा. मग थांबली. शिरखुर्मा सनाला आवडतो. खोडलं. बोंबलाची चटणी लिहिली, ती इम्रानची. तीही खोडली. आठ-दहा ओळी अशा गेल्या.

मग तिनं उलटा मार्ग धरला. ज्या कामात आपल्याला वेळेचं भान राहत नाही, कुणी सांगितलं नसताना हात जिकडे जातो, तेवढंच लिहायचं. लगेच नाही, घडलं की. महिनाभर वही दुधाच्या पातेल्याजवळ राहिली. नोंदी फार झाल्या नाहीत. 'फजरनंतर गच्चीवर एकटी, अर्धा तास.' 'बिनदुधाचा चहा, वेलदोडा घालून.' 'जमीला आपाच्या नातीच्या लग्नाचं कार्ड : उर्दू अक्षर बघत बसले, भाजी करपली.' ही शेवटची नोंद तिनं लिहिली खरी, पण तिच्याकडे तेव्हा नीट पाहिलं नाही. माणूस अशा नोंदींकडे नीट पाहत नाहीच.

आषाढात गल्लीतल्या बायकांनी नळदुर्गला जायचं ठरवलं. सोलापूरहून पन्नासेक किलोमीटर, बायकांना एसटीत अर्धं तिकीट, संध्याकाळी घरी परत. रझियाला वाटलं, मोठ्या प्रवासाआधी ही चाचणी बरी. युसूफभाईही आले, कारण त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना नावानिशी ठाऊक होता आणि नवा ड्रायव्हर तो कसा चुकवतो हे त्यांना पाहायचं होतं.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं काम. पाऊस चांगला झाला की बंधाऱ्यावरून पाणी दोन धारांनी कोसळतं; लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. सगळ्या जणी धबधब्याकडे फोटोला धावल्या. रझियाही गेली, भिजली, आणि पाच मिनिटांत तिला कळलं की गर्दीतलं भिजणं आपल्याला आवडत नाही. हेही वहीत लिहायला हवं, असं मनाशी म्हणत ती पाणीमहालाच्या पायऱ्या उतरली. आत गार होतं, बाहेरून पाण्याचा घोष येत होता. तिथं दगडात फारसी अक्षरं कोरलेली होती.

फारसी तिला येत नव्हती. पण ती उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकली होती, अक्षरं ओळखीची होती. एक शब्द लागला, मग दुसरा अडला. बोटानं हवेत गिरवत ती उभी राहिली. युसूफभाई शोधत आले तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता आणि वर बायका भजी संपवून परतीच्या गाडीची वाट पाहत होत्या.

"काय वाचतेस?"

"वाचता येत नाही हो. बघतेय. हा 'काफ' बघा, केवढा लांब ओढलाय."

घरी येताना एसटीच्या खिडकीशी बसून (खिडकी तिनं या वेळी मागून घेतली) तिला लाकडी तख्ती आठवली. रोज संध्याकाळी तख्तीवर मुलतानी मातीचा लेप द्यायचा, वाळली की रेघा आखायच्या आणि बोरूनं लिहायचं. बोरूचं टोक तिरकं कापावं लागतं. सरळ कापलं तर अक्षर मरतं. त्या टोकानं कागदावर दाबून एक चौकोनी ठिपका काढायचा, तो नुक्ता. सगळी अक्षरं त्या नुक्त्यानं मोजायची. त्यांच्या नस्तालीक वळणात अलिफ तीन नुक्त्यांची उंच. मास्तर खरोखर ठिपके काढून मोजायचे आणि अडीच भरली तर पुन्हा लिहायला लावायचे. गल्लीतल्या निकाहाच्या चिठ्ठ्यांवरची नावं तेव्हा रझियाच लिहायची. मग तिचाच निकाह झाला.

रात्री तिनं वहीत एकच शब्द लिहिला : अक्षर. आणि त्यानंतर सहल ठरवायला तिला दहा मिनिटं लागली. महाबळेश्वर गेलं, गोवा गेलं. विजापूरला जायचं. तिथल्या इब्राहिम रौझ्याच्या भिंतींवर अक्षरंच अक्षरं आहेत, हे शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं. सोलापूरला जन्म काढून शंभर किलोमीटरवरचं ते तिनं पाहिलं नव्हतं. युसूफभाईंनी विजापूरला असंख्य फेऱ्या केल्या होत्या आणि स्टँडसमोरचं हॉटेल सोडून काही पाहिलं नव्हतं.

तिनं हिशेब मांडला. दोन रात्री, स्टेशनजवळची साधी लॉज, रोजचे एक हजार. रेल्वे, रिक्षा, जेवण आणि तिकिटं धरून साडेचार हजार. उरलेले दीड हजार औषध आणि अडीअडचणीला. पाऊस ओसरल्यावर जायचं, म्हणजे दगड निसरडे नसतील आणि उजेड स्वच्छ असेल. दिवसाला एकच ठिकाण. पोरांनी फोनवर विरोध केला. "अम्मी, दोन दिवसांत तिथं आठ-दहा ठिकाणं होतात!" सना म्हणाली. "मला दोनच बघायची आहेत," रझिया म्हणाली. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. 'मला' हा शब्द अम्मीच्या तोंडून सनानं क्वचितच ऐकला होता.

भीमेचा पूल ओलांडला तेव्हा युसूफभाई म्हणाले, "आज जुहर दोनच रकअत, बरं का. आपण मुसाफिर." नोकरीत त्यांनी किती स्टँडांवर अशी कसर नमाज पढली होती, त्याला गणती नव्हती. रझियाची ती पहिलीच.

इब्राहिम रौझा गावाच्या पश्चिमेला, जुन्या तटाबाहेर आहे. एकाच उंच ओट्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद, मध्ये हौद. काम ताज सुलताना बेगमसाठी काढलं होतं म्हणतात. 1627 मध्ये इब्राहिम आदिलशहा वारला आणि तोही तिथंच दफन झाला. "बांधायला घेतला बायकोसाठी आणि नाव लागलं नवऱ्याचं," रझिया म्हणाली. युसूफभाई हसले आणि खांबाच्या सावलीत पाय पसरून बसले.

मकबऱ्याच्या बाहेरच्या भिंतींवर दारांच्या आणि खिडक्यांच्या भोवती दगडात लिहिलं आहे. वेलबुट्टी म्हणून पाहिलं तर माणूस दहा मिनिटांत प्रदक्षिणा घालून निघून जातो. तिच्यासमोर तीन कुटुंबं तशी गेली. पण खिडक्यांच्या जाळ्या पाहा. तिथं दगड अक्षरांचा आहे आणि अक्षरांमधली मोकळी जागा तेवढी आरपार कोरून काढली आहे, त्यातून आत उजेड जातो. कारागिराची छिन्नी एकदा चुकली असती तर अख्खं अक्षर तुटलं असतं. इथलं वळण तिच्या शाळेतलं नव्हतं. सुलुस म्हणतात त्याला. त्यात अलिफ सात नुक्त्यांपर्यंत उंच जाते. तिनं एक डोळा मिटून पेन्सिलीनं हवेत माप घेतलं. तख्तीवरच्या अलिफपेक्षा दुपटीहून उंच होती. कुराणशरीफातली ओळखीची आयत एका चौकटीत सापडली, तेव्हा तिनं ती पुटपुटत शेवटापर्यंत नेली. गुंतलेली अक्षरं पाठ शब्दांच्या आधारानं एकेक सुटत गेली.

अकराला आली होती. जुहरला उठली आणि पुन्हा तिथंच आली. युसूफभाईंनी एक डुलकी काढली, पहारेकऱ्याशी एसटीच्या पेन्शनवर सविस्तर बोलणं झालं, मग तेही येऊन शेजारी उभे राहिले.

"भूक नाही लागली?"

"लागली असेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोलघुमट. पायऱ्या खूप आणि उंच आहेत. दोघांचे गुडघे लक्षात घेऊन त्यांनी अर्धा तास लावला. दिवसा शाळेच्या सहली ओरडत असतात आणि वरच्या सज्ज्यात एक शब्द कळत नाही, पण सकाळी सहा-साडेसहाला शुकशुकाट असतो. रझिया एका बाजूला भिंतीशी कान लावून बसली, युसूफभाई बरोबर समोरच्या बाजूला, शंभरावर फुटांवर. भिंतीतून त्यांचा हलका आवाज अगदी जवळून आला.

"रझिया, काल त्या भिंतीत काय लिहिलं होतं, ते मला सांग की."

तिनं भिंतीशी तोंड नेलं आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं.

घरी आल्यावर युसूफभाईंनी बाजारातून बांबूची काडी आणली आणि चाकूनं टोक करून दिलं. सरळ कापलं होतं.

"द्या इकडे," रझिया म्हणाली. "तिरकं कापायचं असतं."