विश्लेषण : गाइड आरएनए कापण्याची नेमकी जागा कशी शोधतो?

नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या मौद्यात, किंवा विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयात, 'क्रिस्पर' हा विषय वर्गमित्रांसमोर मांडायचा झाला तर उदाहरण लांबून आणावे लागत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेल वाहकांची नोंद प्रसिद्ध केली होती. वर्गात बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरात, नात्यात हा आजार असण्याची शक्यता या भागात बरीच आहे. क्रिस्परवर आधारलेला जगातला पहिला मंजूर उपचार याच आजारावरचा आहे. ब्रिटनने त्याला नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परवानगी दिली. त्यातला गाइड आरएनए कोणता, तो कुठे जाऊन बसतो आणि काप नेमका कोणत्या दोन अक्षरांमध्ये पडतो, हे सारे प्रसिद्ध झालेले आहे. त्यामुळे 'जनुकीय कात्री' असे म्हणून पुढे सरकण्याऐवजी ती वीस अक्षरे फळ्यावर लिहूनच सुरुवात करता येते.

कापतो कोण आणि वाट दाखवतो कोण?

सादरीकरणात सर्वाधिक होणारी चूक म्हणजे 'आरएनए डीएनएला कापतो' हे वाक्य. कापण्याचे काम कॅस9 नावाचे प्रथिन करते. ते न्यूक्लिएज, म्हणजे डीएनएचा धागा तोडणारे विकर आहे. पण कुठे तोडायचे हे त्याला स्वतःला ठाऊक नसते. ती माहिती गाइड आरएनएमध्ये असते.

हा गाइड साधारण शंभर अक्षरांचा असतो. त्यातली सुरुवातीची वीस अक्षरे म्हणजे पत्ता. उरलेली सुमारे ऐंशी अक्षरे स्वतःवरच दुमडून वेटोळी तयार करतात आणि कॅस9 ती घट्ट धरून ठेवते. चाकूला मूठ असावी तशी ही मूठ. जीवाणूंमध्ये पत्ता आणि मूठ असे दोन वेगळे आरएनए असतात. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांच्या गटांनी 2012 मध्ये ते जोडून एक केले. तेव्हापासून मूठ तीच ठेवून फक्त वीस अक्षरे बदलली की नव्या जागी काप घेता येऊ लागला. याच कामासाठी दोघींना 2020 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

वीसच अक्षरे पुरतात का? चार अक्षरांपासून वीस अक्षरी शब्द सुमारे 1 लाख 10 हजार कोटी तयार होतात. माणसाच्या जनुकसंचात अक्षरे आहेत सुमारे 320 कोटी. म्हणजे एखादा वीस अक्षरी शब्द योगायोगाने दुसरीकडे तंतोतंत सापडण्याची शक्यता कमीच. 'जवळपास तसाच' शब्द मात्र सापडतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

आधी फाटा, मग घर

कॅस9 डीएनएची सगळी अक्षरे पहिल्यापासून वाचत बसत नाही. डीएनएची दुहेरी शिडी मिटलेली असते आणि ती प्रत्येक ठिकाणी उघडून पाहायची तर दिवस पुरणार नाहीत. नागपूरहून मौद्याकडे निघालेला पाहुणा प्रत्येक घरासमोर थांबून पाटी वाचत नाही. तो आधी गावाचा फाटा शोधतो, तिथे उतरतो आणि मग घर पाहतो. कॅस9 चा फाटा म्हणजे 'पॅम' ही तीन अक्षरांची खूण. त्यातले पहिले अक्षर कोणतेही चालते, पुढची दोन मात्र जी-जी असावी लागतात.

कॅस9 डीएनएवर आदळते, सुटते, पुन्हा आदळते. जी-जी नसेल तर क्षणार्धात निघून जाते. जी-जी सापडले तरच ते त्याला लागून असलेली शिडी थोडीशी उघडते आणि गाइडची अक्षरे समोरच्या धाग्याशी जुळतात का ते पाहते. ही जुळणी पॅमच्या बाजूने सुरू होऊन एकेक अक्षर मागे सरकत जाते. पहिल्या दहा-बारा अक्षरांत चूक निघाली की बहुतेक वेळा जुळणी तिथेच मोडते आणि शिडी पुन्हा मिटते. जुळणी दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचली तरच कॅस9 चा आकार बदलतो आणि त्याची दोन पाती कामाला लागतात. एक पाते गाइडशी जुळलेला धागा तोडते, दुसरे सुटा राहिलेला धागा. काप पॅमपासून तीन अक्षरे मागे पडतो.

पॅम गाइडमध्ये लिहायचा नसतो, तो डीएनएमध्ये असावा लागतो. आकृती काढताना हेही अनेकदा चुकते. यामागचे कारण जीवाणूंच्या आयुष्यात आहे. हल्ला करून गेलेल्या विषाणूचे तुकडे जीवाणू आपल्या डीएनएमध्ये जपून ठेवतात आणि त्यांवरून गाइड बनवतात. पॅम पाहायचा नियम नसता तर त्या गाइडने जीवाणूचा स्वतःचा साठाच कापला असता. साठ्यातल्या तुकड्याला लागून पॅम नसतो, विषाणूच्या डीएनएमध्ये असतो. एवढ्यावर घरचा आणि परका ओळखला जातो.

सिकलसेलच्या उपचारात काप कुठे?

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते, ए च्या जागी टी. मग गाइड तिथेच पाठवून चूक का दुरुस्त करत नाहीत, असा प्रश्न वर्गातून येणारच. यायलाही हवा.

कॅस9 फक्त तोडते. तुटलेले सांधण्याचे काम पेशी करते आणि ते बहुधा घाईने करते. दोन टोके जोडताना एखाद-दोन अक्षरे गळतात किंवा जास्तीची घुसतात. बीटा जनुकात असे झाले तर चुकीचे हिमोग्लोबिन जाऊन हिमोग्लोबिनच न बनण्याची वेळ येऊ शकते. अचूक दुरुस्तीसाठी पेशीला सोबत योग्य नमुना द्यावा लागतो, आणि रक्ताच्या मूलपेशी तो नमुना वापरतीलच याची खात्री नसते.

म्हणून संशोधकांनी अशी जागा निवडली जिथे बिघाडच उपयोगी पडतो. गर्भात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, त्यात बीटा साखळी नसते. सिकलसेल असलेल्या बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही तो यामुळेच. जन्मानंतर बीसीएल11ए हे प्रथिन गर्भातल्या हिमोग्लोबिनचे जनुक बंद करते. बीसीएल11ए च्या जनुकातच एक छोटासा भाग लाल पेशींपुरता त्याचा जोर वाढवणारा आहे. त्या भागावर गाटा1 नावाचे प्रथिन येऊन बसते. त्याची बसण्याची जागा मोडली की लाल पेशींत बीसीएल11ए कमी होते आणि गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. इतर पेशींमधले बीसीएल11ए शाबूत राहते. फळ्यावर ते असे लिहावे :

```
गाइड  5' CUAACAGUUGCUUUUAU   CAC      3'
डीएनए 5' CTAACAGTTGCTTTTAT | CAC AGG  3'
      3' GATTGTCAACGAAAATA | GTG TCC  5'
```

AGG हा पॅम, तो गाइडमध्ये नाही. उभी रेघ म्हणजे काप. गाइडची अक्षरे वरच्या धाग्यासारखीच आहेत, फक्त T च्या जागी U, कारण तो खालच्या धाग्याशी जुळतो. गाटा1 ज्या TTATCA या खुणेवर बसते तिच्या मधोमध रेघ आली आहे. दोन-चार अक्षरे इकडची तिकडे झाली की ती खूण गेली.

हे शरीरात इंजेक्शन देऊन होत नाही. रुग्णाच्या मूलपेशी रक्तातून काढतात, विजेचा झटका देऊन गाइड आणि कॅस9 ची तयार जोडी त्यांच्यात शिरवतात, दरम्यान तीव्र औषधाने रुग्णाची अस्थिमज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी परत देतात. अमेरिकी परवानगीच्या वेळी पुरेसा काळ पाहिलेल्या 31 रुग्णांपैकी 29 जणांना सलग किमान बारा महिने तीव्र वेदनेचा झटका आला नव्हता. तिथली किंमत 22 लाख डॉलर.

काप बरोबर पडला हे कसे कळते?

त्या जागेचा डीएनए वाढवून त्याची अक्षरे वाचतात. आलेखात कापाच्या जागेपर्यंत शिखरे स्वच्छ, एकामागून एक दिसतात आणि तिथून पुढे एकमेकांवर चढतात, कारण प्रत्येक पेशीने सांधा वेगळा घातलेला असतो. तो गोंधळ नेमका रेघेपासून सुरू झाला तर गाइड पोहोचला. शिखरे शेवटपर्यंत स्वच्छच राहिली तर काप पडला नाही, किंवा पडूनही जसाच्या तसा सांधला गेला.

चुकीच्या जागचा काप शोधणे यापेक्षा कठीण. आधी जनुकसंचात 'जवळपास तशा' जागा संगणकाने शोधतात आणि मग त्या एकेक करून वाचतात. पण कोणाच्या जनुकसंचात शोधायचे? याच गाइडबाबत 2023 मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेले निरीक्षण बोलके आहे. सीपीएस1 या जनुकातल्या एका जागी गाइड बराचसा जुळतो, पण संदर्भासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकसंचात तिथे पॅम नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांत मात्र त्या जनुकाच्या शंभर प्रतींमागे चार-पाच प्रतींत एक अक्षर वेगळे असते, आणि त्या एका अक्षराने तिथे पॅम तयार होतो. असा बदल असलेल्या दात्याच्या पेशींत तिथेही काप पडलेला आढळला. ती जागा प्रथिन बनवणाऱ्या भागात नव्हती. तरीही ज्यांच्यात सिकलसेल सर्वाधिक आढळतो त्यांच्यातच हा जास्तीचा फाटा निघाला. विदर्भातल्या रुग्णांसाठी गाइड तपासताना म्हणूनच भारतीय जनुकसंच हाताशी लागतात.

दुसरा उपाय म्हणजे अधिक चोखंदळ कॅस9 वापरणे. दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटाने 'फ्रान्सिसेला नोव्हिसिडा' या जीवाणूच्या कॅस9 वर काम केले. गाइडशी एखाद-दुसरे अक्षर जुळले नाही तरी हे कॅस9 डीएनए धरून ठेवत नाही. याच गुणावर त्यांनी करोनाकाळात 'फेलुदा' ही चाचणी उभी केली. एका अक्षराचा फरक ओळखत असल्याने सिकलसेलचा वाहक ओळखण्यासाठीही ती वापरून पाहण्यात आली. त्याच संस्थेतल्या 'बिरसा 101' या देशी बनावटीच्या सिकलसेल उपचाराची घोषणा नोव्हेंबर 2025 मध्ये झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. तो रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी माणसांवरच्या चाचण्या व्हाव्या लागतील. अस्थिमज्जा रिकामी करण्याची पायरी कायम राहिली, तर त्यासाठी मूलपेशी प्रत्यारोपणाची सोय असलेले रुग्णालयही लागेल.