मॅडम, माझ्या गाइड व्हाल का?

एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एक प्रबंध लिहावा लागतो. त्यासाठी गाइड लागतो. काही कॉलेजांत प्राचार्यच गाइड नेमून देतात, काही ठिकाणी विद्यार्थ्याने वरिष्ठ अध्यापकांना पत्र लिहून विचारायचं असतं. अशी बरीच पत्रं वाचली की एक खोड लागते. नमस्कार-चमत्कार ओलांडून नजर थेट वेळापत्रकावर जाते, कारण विषय सुचवायला एक संध्याकाळ पुरते, पण त्या विषयाचं काम कोण, कुठे, किती वाजता करणार हे मांडायला तो विषय आधी नीट कळलेला असावा लागतो.

भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमाने दोन खुंट ठोकून ठेवले आहेत. पहिल्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर संशोधनाचा आराखडा, म्हणजे कॉलेजच्या भाषेत सिनॉप्सिस, द्यायचा आणि दुसऱ्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर पूर्ण प्रबंध. मधे बरोबर बारा महिने आणि त्यातच पहिल्या वर्षाची परीक्षा. शिवाय एका गाइडकडे जास्तीत जास्त चारच विद्यार्थी घेता येतात, सहमार्गदर्शक म्हणून घेतलेले धरून. गाइड त्याच शाखेचा हवा. त्यामुळे ज्या मॅडमकडे सगळ्यांना जायचं असतं, त्यांच्याकडच्या जागा लवकर भरतात. नवव्या महिन्यात लिहिलेलं पत्र कितीही सुरेख असलं तरी उशिराचं.

पाचव्या महिन्यात लिहिलेलं एक पत्र नमुन्यादाखल घेऊ. प्रत्यक्षात अशी पत्रं बहुतेक ठिकाणी इंग्रजीत जातात. नमुना मी रचलेला आहे, पण त्यातला वॉर्ड कुठल्याही मोठ्या रुग्णालयात सापडेल.

"आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. मी मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या पहिल्या वर्षात आहे. माझ्या प्रबंधासाठी आपण गाइड व्हावं, अशी विनंती आहे. या बॅचसाठी आपल्याकडे जागा नसेल तर तसं कळवावं, म्हणजे मला वेळेत दुसरीकडे विचारता येईल.

मेडिसिन वॉर्डात पोस्टिंगला असताना मी पाहिलं की सलाईन लावलेला हात दुखतोय असं रुग्ण सांगतो, तेव्हा शीर बहुधा आधीच लाल आणि कडक झालेली असते. केसपेपरवर मात्र 'इंट्राकॅथ बदललं' एवढीच नोंद राहते. आपण राऊंडला आलात की आधी ड्रेसिंगवर तारीख आणि वेळ लिहिली आहे का ते पाहता, म्हणून हा विषय आपल्यापुढे ठेवावासा वाटला.

विषय : मेडिसिन वॉर्डातील प्रौढ रुग्णांना कॅन्युला बसवल्यापासून 72 तासांत किती जणांना फ्लेबायटिस होतो, आणि कॅन्युलाची जागा, तिचा आकार व शिरेतून दिलेलं औषध यांचा त्याच्याशी संबंध आहे का.

प्रत्येक शिफ्ट बदलताना, म्हणजे सकाळी 8, दुपारी 2 आणि रात्री 8 वाजता, मी जागा पाहून व्हीआयपी स्केलवर गुण देईन. गुण 2 किंवा जास्त आले तर लगेच वॉर्डच्या सिस्टरना सांगेन. 101 रुग्ण घ्यावे लागतील असा माझा अंदाज आहे. वॉर्डात दिवसाला सुमारे सहा नव्या कॅन्युला बसतात, त्यातल्या तीन माझ्या निकषांत बसाव्यात.

वेळापत्रक : सहावा-सातवा महिना वाचन आणि सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा. आठवा महिना कॉलेजची संशोधन समिती. नवव्याच्या अखेरीआधी सिनॉप्सिस दाखल. दहाव्यात एथिक्स कमिटी. मग परीक्षा. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात दहा रुग्णांवर पायलट, त्यानंतर सात आठवडे माहिती गोळा करणं, चौथ्या-पाचव्या महिन्यात आकडेमोड, सहाव्याच्या अखेरीस सर्व प्रकरणांचा मसुदा आपल्या हातात.

पुढच्या आठवड्यात आपल्या सोयीच्या वेळी पंधरा मिनिटं भेटता येईल का?

आपली विद्यार्थिनी"

फ्लेबायटिस म्हणजे शिरेच्या आतल्या अस्तराला येणारी सूज. कॅन्युला घासून, तीव्र औषधामुळे किंवा जंतुसंसर्गाने ती येते. ती मोजण्यासाठी ब्रिटनमधील नर्स अँड्र्यू जॅक्सन यांनी 1998 मध्ये मांडलेली व्हीआयपी स्केल वापरतात. जागा निरोगी असेल तर 0. किंचित दुखणं किंवा किंचित लाली, यांपैकी एकच असेल तर 1. दुखणं, लाली आणि सूज यांपैकी दोन गोष्टी दिसल्या की 2, आणि तिथे कॅन्युला काढून दुसरीकडे बसवायची. पुढे शीर दोरीसारखी हाताला लागते, ताप येतो, आणि गुण 5 पर्यंत चढतात. विद्यार्थिनीने 2 गुणांना सिस्टरना सांगण्याचं आपणहून लिहिलं, ते मोलाचं आहे. रुग्णाची शीर सुजताना नुसती वही भरत बसणाऱ्या अभ्यासाला एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.

101 हा आकडा कुठून आला? फ्लेबायटिसचं प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत फार वेगवेगळं आढळतं. तिने ते 30 टक्के धरलं आणि आपला निष्कर्ष दहा टक्के इकडे-तिकडे चालेल असं ठरवलं. त्या हिशेबाने 81 रुग्ण लागतात. पण कुणाला मधेच डिस्चार्ज मिळतो, कुणी झोपेत कॅन्युला उपसून टाकतो. पाचातला एक असा गळणार असं धरलं की 81 चे 101 होतात. हिशेब चोख आहे, आणि घटकही तीनच घेतल्याने विषय आवाक्यात राहिला आहे. 81 जणांत फ्लेबायटिस होणारे निघतील 24 च्या आसपास. तेवढ्यांवर वय, मधुमेह, हिमोग्लोबिन, कॅन्युला बसवणाऱ्याचा अनुभव अशा दहा गोष्टी तपासायला गेलं तर आकडे काहीही बोलू लागतात. खरं तर तीनसुद्धा काठावरच आहेत.

आता गाइडची पेन्सिल. सात आठवड्यांखाली ती पहिली रेघ ओढेल. दिवसाला तीन रुग्ण, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे पंधरा; 101 ला पंधराने भागलं की सात आठवडे आले. पण प्रत्येक रुग्णावर 72 तास लक्ष ठेवायचं आहे. शुक्रवारी सकाळी घेतलेल्या रुग्णाचे 72 तास सोमवारी सकाळी भरतात. शनिवारी रात्री 8 वाजता आणि रविवारी तिन्ही वेळा वॉर्डात कोण जाणार? स्टाफला सांगता येईल, पण मग गुण देणारे डोळे बदलले, आणि एकाची 'किंचित लाली' दुसऱ्याच्या लेखी काहीच नसते. रविवारच्या नोंदी सोमवारी आठवून भरण्याचा मोह इथेच होतो. प्रत्येक चौकटीत एकाच शाईने, एकाच दमात लिहिलेले गुण दिसले की ते ओळखूही येतं.

यातून सुटायला रुग्ण फक्त सोमवार ते बुधवार घ्यायचे. बुधवारी सकाळी घेतलेला रुग्ण शनिवारी सकाळी पूर्ण होतो आणि रविवार सुटा राहतो. मात्र आठवड्याला पंधराऐवजी नऊच रुग्ण मिळतात आणि सातचे बारा आठवडे होतात. दुसऱ्या वर्षाचे दुसरा, तिसरा आणि चौथा हे तीन महिने त्यातच जातील. आकडेमोड पाचव्यात, मसुदा आणि दुरुस्त्या सहाव्या-सातव्यात, आठव्यात छपाई-बांधणी, आणि नववा हाताशी शिल्लक. जमतं, पण सैल असलेला हा एकच महिना. एथिक्स कमिटीची बैठक पुढे ढकलली गेली तर तोही जाईल. म्हणून कमिटीची कागदपत्रं दहाव्या महिन्याची वाट न पाहता संशोधन समितीने होकार देताच तयार करायला घ्यावीत. रुग्णासाठीचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत लागतं, आणि वॉर्डातल्या आजोबांना ते समजतंय ना हे आधी वाचून दाखवून पाहावं लागतं. त्यात दिवस जातात. कमिटीच्या परवानगीआधी एकाही रुग्णाची माहिती घेतलेली चालत नाही. नंतर मागाहून मंजुरी मिळत नाही. पायलटचे दहा रुग्णही त्यात आले.

पेन्सिलीची दुसरी रेघ 'लाली' या शब्दाखाली. ही स्केल गोऱ्या कातडीच्या देशात तयार झाली. आपल्याकडे सावळ्या हातावर सुरुवातीची लाली दिसतच नाही, निदान ट्यूबलाइटच्या उजेडात तरी नाही. मग गुण 0 पडतो आणि फ्लेबायटिसचं प्रमाण कागदावर छान कमी येतं. उपाय असा की जागा नुसती पाहायची नाही. बोटांची मागची बाजू लावून ऊब बघायची, दुसऱ्या हाताशी ताडून पाहायचं आणि हलक्या दाबाने दुखतं का ते विचारायचं. हे सगळं नोंदीच्या तक्त्यात आधीच लिहून ठेवायचं. पायलटच्या वेळी विद्यार्थिनीने आणि एका अनुभवी सिस्टरने त्याच जागा एकमेकींचे गुण न बघता तपासायच्या आणि किती वेळा जुळतं ते पाहायचं. जुळत नसेल तर बारा आठवडे सुरू करण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल. कॅन्युलाचा आकार म्हणजे तिचा रंग : हिरवी 18 नंबरची, गुलाबी 20, निळी 22, पिवळी 24. मेडिसिन वॉर्डात मोठ्या माणसांना बहुतेक गुलाबी किंवा निळीच बसते. हिरव्या तीन आणि पिवळ्या दोन निघाल्या तर आकाराची तुलना करायची कशाशी? त्यामुळे सिनॉप्सिस लिहिण्याआधी विद्यार्थिनीने एक आठवडा वॉर्डात कुठल्या रंगाच्या किती लागतात, एवढंच सिस्टरच्या संमतीने मोजून आणावं. रुग्णांची नावं नकोत की माहिती नको, फक्त स्टॉकच्या वहीतले आकडे. दिवसाला सहा कॅन्युला हा तिचा अंदाजही तेव्हाच तपासला जाईल. सहाऐवजी चारच निघाल्या तर आठवड्याला नऊ रुग्ण मिळणार नाहीत, सहा मिळतील, आणि बाराचे सतरा आठवडे होतील. ते या वर्षात बसत नाहीत. मग दुसरा वॉर्ड जोडायचा किंवा अंदाजाची सूट थोडी वाढवून रुग्ण कमी करायचे, हे पंधरा मिनिटांच्या त्या भेटीतच ठरवावं लागेल.