शंभर टक्क्यांचा हिशेब, चाळीस तासांचा नव्हे

अमेरिकेतील येल विद्यापीठाने डिसेंबर २००८ मध्ये तेथील सरकारला ७६ लाख डॉलर देऊन एक वाद मिटवला. काही संशोधकांनी उन्हाळ्यातील आपले शंभर टक्के श्रम सरकारी अनुदानाच्या प्रकल्पांवर दाखवले, प्रत्यक्षात मात्र त्याच काळात ते अन्य कामेही करीत होते, हा सरकारच्या आरोपांपैकी एक होता. हा प्रश्न उद्भवतो तो संशोधकाच्या पगारातून. एकाच व्यक्तीचा पगार अनेक अनुदानांतून निघत असेल, तर कोणत्या प्रकल्पावर किती भार टाकायचा? त्याचे उत्तर श्रमांच्या टक्केवारीत असते आणि अनेक संस्थांत ती मासिक टाइमशीटवरून काढली जाते.

नेमकी चूक कोठे होते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका संशोधिकेचा मासिक पगार आठ हजार डॉलर आहे. अंदाजपत्रकानुसार त्यातील ५० टक्के ‘अ’ प्रकल्पातून, २५ टक्के ‘ब’ प्रकल्पातून आणि उरलेले विद्यापीठाकडून मिळतात. महिनाअखेरीस टाइमशीटमध्ये ‘अ’चे ८०, ‘ब’चे ५०, अध्यापनाचे ४०, नव्या अनुदानाचा प्रस्ताव लिहिण्याचे २० आणि समित्यांचे १० असे एकूण २०० तास भरले.

आठवड्याचे ४० याप्रमाणे महिन्याचे १६० तास धरले, तर ‘अ’चा वाटा बरोबर ५० टक्के येतो आणि सारे जुळल्यासारखे वाटते. परंतु त्याच रीतीने सर्व कामांची बेरीज १२५ टक्के होते! भागाकार प्रत्यक्ष केलेल्या एकूण तासांनी करावयाचा असतो. तसा केल्यास ‘अ’चा वाटा ४० टक्के, ‘ब’चा २५ आणि विद्यापीठाच्या कामांचा ३५ टक्के ठरतो. नवा प्रस्ताव लिहिण्याचा वेळ चालू अनुदानावर टाकता येत नाही, म्हणून तो विद्यापीठाच्या वाट्यात मोडतो. परिणामी ‘अ’वर टाकलेले ४००० डॉलर ३२०० पर्यंत खाली आणावे लागतात आणि फरकाचे ८०० डॉलर विद्यापीठाला सोसावे लागतात.

अंदाजपत्रकातील टक्केवारी तात्पुरत्या खर्चासाठी चालते, पण ती कामाचा पुरावा ठरत नाही, असे अमेरिकी नियम सांगतात. अध्यापन व संशोधन एकमेकांत गुंतलेले असल्याने मिनिटांचा काटेकोर हिशेब मात्र अपेक्षित नसतो. वाजवी अंदाज पुरतो. महिनोन्‌महिने ५० आणि २५ असेच आकडे येत राहिले किंवा रजेच्या दिवशीही प्रकल्पाचे तास दिसले, तर टाइमशीट अंदाजपत्रकावरून उतरवल्याची शंका लेखापरीक्षकांना येते.

वाटा कायमचा घटणार असेल, तर आणखी एक पायरी आहे. प्रमुख संशोधकाचे श्रम मंजूर पातळीपेक्षा २५ टक्के किंवा अधिक कमी होणार असल्यास ‘एनआयएच’ या आरोग्य संशोधन संस्थेची पूर्वपरवानगी लागते. ही घट मूळ वाट्याच्या प्रमाणात मोजतात. त्यामुळे ५० वरून ४० टक्क्यांवर येणे चालते, ३७.५ टक्क्यांवर येण्यापूर्वी मात्र विचारावे लागते.